कागद चिनी, आवाज मराठी



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या वर्गात आल्या की पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढायच्या. कधी औषधाच्या खोक्यातली घडीपत्रिका, कधी एखाद्या करारपत्राची झेरॉक्स, कधी चिनी रेल्वे स्टेशनावरची सूचना हातानं उतरवून आणलेली. कागद आमच्यापैकी एकाच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाच. मराठीत वाच." समोर चिनी अक्षरं आणि तोंडातून मराठी. मधे वही नाही, शब्दकोश नाही, आधी लिहून काढायची सवलत नाही. आमच्या व्यवसायात याला साइट ट्रान्सलेशन म्हणतात. चिनीत त्यासाठी दोन अक्षरांचा शब्द आहे, पहिल्याचा अर्थ पाहणं आणि दुसऱ्याचा भाषांतर करणं. मी आज त्याला पाहता-वाचता भाषांतर असंच म्हणणार आहे.

आमची पहिली काही वाचनं अगदी वाईट व्हायची. आम्ही पहिलं अक्षर पाहिलं की बोलायला लागायचो, चौथ्या अक्षराला अडायचो, मागे यायचो, "म्हणजे... म्हणजे" करायचो. बाई थांबवायच्या नाहीत. वाचन संपल्यावर एकच प्रश्न विचारायच्या: "तू तोंड उघडलंस तेव्हा तुझा डोळा कुठे होता?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी इथे उभी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. चिनी कागद मराठीत वाचताना आपण डोक्यातल्या डोक्यात इंग्रजीच्या वाटेनं जातो, कारण चिनी आपण इंग्रजी पुस्तकांतून शिकलेलो असतो, आणि तिथेच आपली वाट लांबते. चिनी वाक्याचा बराचसा भाग ज्या क्रमानं कागदावर असतो, त्याच क्रमानं मराठीत बोलता येतो. कुठे बोलता येतो आणि कुठे येत नाही, एवढं डोळ्याला शिकवायचं.

चिनीतलं सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर घेऊ. डावीकडे 'पांढरा' या अर्थाचा आकार आणि उजवीकडे पळीचा आकार, असं ते दिसतं. रोमन स्पेलिंग पाहून आपण त्याला 'द' म्हणतो, पण खरा उच्चार आपल्या 'त'च्या जवळ जातो, म्हणून मी 'त' म्हणेन. हा 'त' विशेषण आणि नाम यांना जोडतो. 'त'च्या आधी जे काही आहे, मग ते एक अक्षर असो की पंचवीस, ते सगळं 'त'च्या नंतर येणाऱ्या नामाचं वर्णन असतं. "पक्ष अ ठरवणे त गोदाम" असे शब्द कागदावर असतील, तर अर्थ होतो "पक्ष अ-ने ठरवलेलं गोदाम".

अडचण अशी की चिनीत 'जो', 'जे', 'ज्याने' असा इशारा देणारा शब्दच नाही. "पक्ष अ ठरवणे" इथपर्यंत वाचलं की ते सरळ वाक्य वाटतं: पक्ष अ ठरवतो. पुढे 'त' दिसला की सगळं उलटतं, वाक्य म्हणून सुरू केलेलं विशेषण निघतं. इंग्रजीत वाचणारा इथे फसतोच. त्याला नाम आधी बोलावं लागतं, वर्णन नंतर, म्हणजे 'त' ओलांडून नाम गाठायचं, ते बोलायचं आणि पुन्हा मागे येऊन वर्णन उचलायचं. एका ओळीत डोळा तीनदा पुढे-मागे धावतो.

मराठीत तसं होत नाही. "पक्ष अ-ने ठरव..." इथपर्यंत तोंडानं जायला हरकत नाही. डोळा तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. पुढे 'त' दिसला तर शेवट 'ठरवलेलं' असा करायचा, नाही दिसला तर 'ठरवलं'. निर्णय शब्दाच्या शेवटच्या टोकाला होतो, आरंभाला नाही. आपल्या 'लेला-लेली-लेलं'मध्ये ही सोय आहे आणि ती आपल्याला जन्मानं मिळालेली आहे. घडून गेलेल्या कामांना ती बिनचूक लागते. घडायच्या कामांना थोडी सावधगिरी हवी, कारण 'ठरवेल ते गोदाम' म्हणायचं की 'ठरवलेलं गोदाम', हे चिनी क्रियापद सांगत नाही. त्याला काळ नसतो. तारीख, 'आधी', 'नंतर' असे शब्द शोधावे लागतात. करारात बहुतेक सगळं पुढचंच असतं, अपघाताच्या अहवालात मागचं. कागद कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या दहा सेकंदांत ठरवलं, की निम्म्या क्रियापदांचा काळ ठरून जातो.

आता एक आख्खं कलम घेते. खरेदी-कराराच्या धाटणीचं आहे, मीच बेतलंय, पण असली कलमं मी शेकड्यांनी वाचली आहेत. चिनी अक्षरांचा क्रम न बदलता, शब्दाला शब्द ठेवून सांगते:

पक्ष ब / बंधन / मिळणे पक्ष अ लेखी सूचना या दिवसापासून सात दिवसांत, / च्यांग / तपासणीत नापास त यंत्रसामग्री / पासून पक्ष अ ठरवणे त गोदाम / उचलून नेणे, / मुदत उलटणे न उचलणे त, / पक्ष अ अधिकार असणे / प्रमाणे दररोज करार एकूण किंमत हजार भागांतला एक / वसूल करणे साठवणूक-भाडं.

आणि आता मराठीत: "पक्ष ब-ने, पक्ष अ-ची लेखी सूचना मिळाल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत, तपासणीत नापास ठरलेली यंत्रसामग्री पक्ष अ-ने ठरवलेल्या गोदामातून उचलून न्यावी. मुदत उलटूनही न उचलल्यास, दररोज कराराच्या एकूण किमतीच्या हजारी एक या दरानं साठवणूक-भाडं वसूल करण्याचा अधिकार पक्ष अ-ला राहील."

ऐकलंत ना? पहिलं वाक्य जवळजवळ रांगेनं आलं. या कलमात चार गोष्टी घडल्या, त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट 'च्यांग' या अक्षराची. चिनीत साधारणपणे क्रियापद आधी आणि कर्म नंतर येतं, 'खातो भात' असं. पण 'च्यांग', किंवा बोलण्यातला त्याचा भाऊ 'पा', हा कर्माला उचलून क्रियापदाच्या आधी आणून ठेवतो. मराठी माणसानं हे अक्षर दिसलं की मोकळा श्वास घ्यावा, कारण पुढचं वाक्य आपल्याच क्रमात आहे: कर्म, मग कुठून, मग क्रियापद. कायद्याच्या आणि यंत्रांच्या सूचनांच्या भाषेत 'च्यांग' आणि 'पा' भरपूर असतात. "झाकण घट्ट बसवा", "पाणी टाकीत ओता", ही वाक्यं तिथे अशीच लिहिलेली असतात.

दुसरी गोष्ट 'बंधन' या शब्दाची. चिनीत तो कर्त्याला चिकटून सुरुवातीलाच येतो. मराठीत बंधन क्रियापदाच्या शेपटीत जातं: 'न्यावी', 'नेऊ शकेल', 'नेण्याचा अधिकार राहील'. म्हणजे दुसऱ्या शब्दाला दिसलेली गोष्ट वाक्याच्या शेवटापर्यंत डोक्यात धरून ठेवायची. वाक्य दोन ओळींचं असेल तर धरता येते. पाच ओळींचं असेल तर ती हातातून निसटते, आणि आपण 'न्यावी'च्या जागी 'नेईल' म्हणून मोकळे होतो. बंधनाचं भाकीत होतं. ही चूक ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणून ती फार धोक्याची. माझा उपाय साधा आहे: वाक्य लांब दिसलं की बंधन तिथेच उतरवून टाकायचं. "पक्ष ब-वर बंधन असं की..." असं म्हणून पुढे निघायचं. मग शेवटी 'नेणे' म्हटलं तरी चालतं. भाषा किंचित सरकारी होते, पण अर्थ जाग्यावर राहतो.

तिसरी गोष्ट दुसऱ्या वाक्याच्या आरंभी आहे. "मुदत उलटणे न उचलणे त" आणि लगेच स्वल्पविराम. इथे 'त' आहे, पण त्याच्या पुढे नामच नाही. नवखा वाचक नाम शोधत पुढच्या वाक्यात घुसतो आणि "न उचललेला पक्ष अ" असं काहीतरी भलतं बोलून बसतो. चिनी कायद्याच्या भाषेत 'त'पाठोपाठ स्वल्पविराम आला की त्याचा अर्थ 'असं झाल्यास'. आपल्याकडे त्यासाठी 'ल्यास' हा प्रत्यय तयारच आहे: न उचलल्यास, न भरल्यास, आढळल्यास. कागद हातात आल्यावर मी सर्वात आधी 'त' आणि स्वल्पविराम अशा जोड्या पेन्सिलीनं खुणावते, कारण दंड, व्याज, करारभंग हे सगळं बहुधा या जोड्यांच्या मागेच दडलेलं असतं.

चौथी गोष्ट 'हजार भागांतला एक'. चिनीत छेद आधी, अंश नंतर. पाच टक्के म्हणायचं तर "शंभर भागांतले पाच". आपली 'शेकडा पाच', 'हजारी एक' ही बोलण्याची रीत अगदी तशीच आहे. 'पॉइंट वन पर्सेंट' असं डोक्यात आणून परत मराठीत आणणाऱ्याचा एक क्षण इथे वाया जातो, आणि पाहता-वाचता भाषांतरात एक क्षण म्हणजे पुढची चार अक्षरं.

चिनी वाक्य सुटसुटीत असतं असं मात्र समजू नका. चिनीत पूर्णविराम हा छोटा गोल असतो, आणि तो यायला कधी कधी आख्खा परिच्छेद लागतो. मधे सगळे स्वल्पविराम. "माणूस पाठवणे, जागेवर जाणे, यंत्र तपासणे, अहवाल देणे" अशा क्रियांच्या माळा असतात. मराठीला त्या जड जात नाहीत, आपल्याजवळ 'ऊन' आहे: माणूस पाठवून, यंत्र तपासून, अहवाल द्यावा. माळ तशीच ओवली जाते. पण 'ऊन'ची एक अट असते, कर्ता एकच हवा. चिनीत कर्ता पुन्हा लिहायचा नाही अशी सवय आहे, आणि तो न सांगता बदलतोही. "पक्ष ब माणूस पाठवणे, यंत्र तपासणे, खात्री झाल्यावर पैसे देणे." पैसे कोण देणार? यंत्र विकणारा पक्ष ब पैसे देणार नाही, खरेदीदार देणार. पण मी 'ऊन'च्या ओघात "पक्ष ब-ने माणूस पाठवून, यंत्र तपासून, खात्री करून पैसे द्यावेत" असं म्हटलं, तर वाक्य ऐकायला गोड आणि अर्थ उलटा. म्हणून प्रत्येक 'ऊन'च्या आधी मनात विचारायचं: कर्ता तोच आहे ना? नसेल तर तिथेच वाक्य तोडायचं. कागदावरून ठरतच नसेल तर सांगून टाकायचं, "इथे पैसे कोणी द्यायचे ते लिहिलेलं नाही." हे सांगणं भाषांतराचाच भाग आहे. करार वाचून घेणाऱ्या माणसाला या वाक्याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो.

पक्ष अ आणि पक्ष ब यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. चिनीत ती नावं 'च्या' आणि 'ई' अशी असतात, तिथल्या जुन्या दहा चिन्हांच्या मोजणीतली पहिली दोन. पानभर ती अक्षरं वाचताना ऐकणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ होतो, आणि आपल्याही. म्हणून मी सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला विचारते, "मी यांना खरेदीदार आणि विक्रेता म्हणू का?" त्यानं होकार दिला की पुढे तेच. न्यायालयात किंवा नोंदणीसाठी वाचायचं असेल, तर मात्र कागदावरचं नावच ठेवायचं.

आकड्यांशी मी वीस वर्षं झगडले आहे. चिनी मोजणीत दहा हजाराला स्वतंत्र नाव आहे, 'वान'. आणि दहा कोटींना 'ई'. मधे लाख नाही, कोटी नाही. इंग्रजीवाल्यांना इथे दुहेरी त्रास, कारण त्यांची गाडी तीन-तीन शून्यांनी चालते. आपलं काम एकाच पायरीत होतं. वानच्या आकड्याला दहानं भागा, लाख मिळतात. ई-च्या आकड्याला दहानं गुणा, कोटी मिळतात. 3560 वान म्हणजे 356 लाख, म्हणजे 3 कोटी 56 लाख. 1.2 ई म्हणजे 12 कोटी. 2 ई 3500 वान म्हणजे 23 कोटी 50 लाख. बस, एवढंच.

एवढं असूनही मी चुकले. चाकणजवळच्या एका कारखान्यात यंत्रांचं दरपत्रक मोठ्यानं वाचत होते. शेवटच्या ओळीत "120 वान युआन" होते. तोंडातून गेलं, "1 कोटी 20 लाख युआन". वानला मी नकळत लाखाच्या खुर्चीत बसवलं होतं, दोन्ही शब्द आपल्या कानाला 'मोठा आकडा' म्हणून सारखेच लागतात. टेबलावर शांतता पसरली. तिथल्या हिशेबनीसबाईंनी पानाच्या वरच्या भागाकडे बोट केलं. "मॅडम, एका यंत्राचे तुम्ही 3 लाख सांगितलेत. यंत्रं चारच आहेत." खरं उत्तर 12 लाख होतं. त्या दिवसापासून दोन सवयी लावून घेतल्या. कागद हातात आला की वाचायला लागण्याआधी सगळे आकडे समासात मराठीत लिहून ठेवायचे. आणि वाचताना नग गुणिले दर हा गुणाकार मनात जुळवत राहायचा. चिनी बिलात आणि करारात रक्कम बहुधा दोनदा असते, एकदा अंकांत आणि एकदा खाडाखोड करता येऊ नये अशा भरगच्च अक्षरांत. घाईत आपण ती दुसरी ओळ सोडून देतो. सोडू नका, शंका फिटायची तिथेच फिटते.

आकड्यांच्या शेजारचे शब्दही तपासावे लागतात. "एक पट वाढलं" असं चिनीत असेल तर मराठीत 'दुप्पट झालं' म्हणायचं, "दोन पट वाढलं" असेल तर 'तिप्पट'. दुकानात "आठ भाग" असं लिहिलेलं असेल तर किमतीचे दहातले आठ भाग द्यायचे, म्हणजे वीस टक्के सूट, ऐंशी नव्हे. 'ईशांग' हा शब्द तर रोज भेटतो. शब्दशः 'वर', आणि सगळे त्याचं 'पेक्षा जास्त' करतात. पण 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या चिनी दिवाणी संहितेचं 1259वं कलम सांगतं की 'ईशांग'मध्ये तो आकडाही धरायचा. "तीन ईशांग" म्हणजे तीन किंवा त्याहून अधिक. पुढच्या माणसानं तीनच जण आणले, तर 'पेक्षा जास्त' म्हणून आपण त्याला अपात्र ठरवलेलं असतं.

आता मी एका प्रसंगाकडे येते. समोर बोलणाऱ्याचं ऐकून भाषांतर करणं आणि कागदावरून करणं यांतला फरक मला त्या प्रसंगानं पुरेपूर कळला.

इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारक दादांबरोबर मी खछ्याओला गेले होते. ते शाओशिंगमधलं कापडाचं मोठं केंद्र. दिवसभर बोलणी झाली. यंत्राची किंमत 36 वान युआन, म्हणजे 3 लाख 60 हजार, आणि 'तिंगचिन' 72 हजार. विक्रेता दिवसभर 'तिंगचिन, तिंगचिन' म्हणत होता आणि मी दिवसभर 'ॲडव्हान्स, ॲडव्हान्स' म्हणत होते. कुणालाच काही खटकलं नाही. रात्री जेवणानंतर कागद आला. दादा म्हणाले, "मॅडम, एकदा वाचून दाखवा, म्हणजे उद्या सकाळी सही करतो." मी वाचायला सुरुवात केली, तिसऱ्या कलमापाशी आले आणि थांबले.

चिनीत 'तिंगचिन' असे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, पहिल्या अक्षराचा सूरही एकच, चौथा. कानानं ते वेगळे करताच येत नाहीत. फरक फक्त पहिल्या अक्षराच्या आकारात. एकाच्या डोक्यावर छप्पर आहे, त्याचा अर्थ निश्चित करणं. दुसऱ्याच्या डावीकडे 'बोलणं' दाखवणाऱ्या दोन रेघा आहेत, त्याचा अर्थ मागणी नोंदवणं. दोन रेघांचा असला तर ती साधी आगाऊ रक्कम, सौदा फिसकटला तर सहसा परत मागता येते. छपराचा असला तर कायदा वेगळा. देणाऱ्यानं करार मोडला तर रक्कम बुडाली, घेणाऱ्यानं मोडला तर त्यानं दुप्पट परत करायची. दिवाणी संहितेच्या 586 आणि 587 या कलमांत हे आहे, आणि ही रक्कम मूळ व्यवहाराच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही असंही आहे. 3 लाख 60 हजारांचे वीस टक्के बरोबर 72 हजार. आकडा मर्यादेला नेऊन टेकवलेला होता. कागदावर छप्पर होतं.

मी वाचलं, "खरेदीदारानं विसार म्हणून 72 हजार युआन द्यावेत."

दादा ताडकन उठून बसले. "विसार? दिवसभर तर ॲडव्हान्स म्हणत होता तुम्ही."

"दिवसभर मी ऐकून सांगत होते," मी म्हणाले. "आता अक्षर दिसतंय."

विसार म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ज्या माणसानं गावात जमीन घेतली आहे, त्याला विसार म्हणजे काय ते पाठ असतं. बँकेचं कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं, आणि ते अडलं तर 72 हजार गेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास बोलणी चालली. विक्रेत्यानं अक्षर बदलायला नकार दिला, पण रक्कम निम्म्यावर, 36 हजारांवर आणली. दादांनी सही केली.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. कागद वाचणाऱ्याला ऐकणाऱ्यापेक्षा एक जादा साधन असतं, अक्षराचा आकार. ते वापरायचं तर ओठांतल्या ओठांत चिनी उच्चार करत वाचायची सवय मोडावी लागते. मनात 'तिंगचिन' असा आवाज आला की डोळा झोपतो, आणि छप्पर की दोन रेघा हे कोणी बघत नाही. बाई आम्हाला यासाठी एक व्यायाम द्यायच्या. चिनी मजकूर वाचताना हळू आवाजात मराठी अंक म्हणत राहायचं, एक, दोन, तीन, म्हणजे तोंड अडकलेलं राहतं आणि चिनी उच्चार मनात उमटत नाहीत. पहिले आठ दिवस वेड लागायची पाळी येते. नंतर अक्षरांतून थेट अर्थ उतरायला लागतो. दुसरी गोष्ट अशी की 'विसार' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता म्हणून काम झालं. 'अर्नेस्ट मनी' म्हटलं असतं तर दादा मान हलवून झोपायला गेले असते. मुदत, जामीन, तारण, थकबाकी, हप्ता, सही-शिक्का, हे शब्द जिभेवर असावे लागतात, शब्दकोशातून शोधायला वेळ नसतो. त्यासाठी मी अजूनही रोज सकाळी मराठी वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा मोठ्यानं वाचते. घरच्यांना त्या पाठ झाल्या आहेत.

कागद हातात आल्यावर वाचायला लागण्याआधी किती वेळ मिळतो? कधी पाच मिनिटं, कधी एक, कधी काहीच नाही. एक मिनिट असेल तर मी मजकूर वरून खाली वाचत बसत नाही. आधी शेवट बघते, सही कोणाची, शिक्का कोणाचा, तारीख कोणती. मग आकडे. मग विशेषनावं. उरलेल्या वेळात 'त' आणि स्वल्पविरामाच्या जोड्या. बाकीचं वाचता वाचता उलगडतं. तीनशे अक्षरांच्या पानाला मला साधारण तीन ते चार मिनिटं लागतात. तेच पान दोन मिनिटांत उरकलं, तर मी काहीतरी गाळलेलं असतं.

आपलं वाचन बिघडतंय हे वाचता वाचताच ओळखता येतं. थांबा कुठे पडतोय तो ऐकायचा. स्वल्पविरामापाशी पडला तर ठीक. 'ठरवलेल्या' आणि 'गोदामातून' यांच्या मधे पडला, तर डोळा जिभेच्या मागे राहिला आहे. तेव्हा वेग कमी करायचा, पुढच्या विरामापर्यंत डोळ्यानं जायचं, आणि मग बोलायचं. दुसरी खूण: तोंडातून 'द्वारे', 'केलं गेलं', 'ज्यामुळे की' असे शब्द यायला लागले, तर आपण पुन्हा इंग्रजीच्या वाटेला लागलो आहोत.

विशेषनावांचं सांगायचं राहिलं. चिनीत शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत, आणि नावाला वेगळी खूण नसते. नानचिंगमधल्या पुलाचं उदाहरण चिनी मुलंही एकमेकांना घालतात. सात अक्षरं, "नानचिंग शहर, यांगत्से महापूल". पण तिसऱ्या अक्षरानंतर तोडायच्या ऐवजी चौथ्यानंतर तोडलं, तर त्याच अक्षरांचे "नानचिंगचे महापौर च्यांग ताछ्याओ" होतात, आणि पुलाचा माणूस होतो. परकीय नावं तर चिनी अक्षरांत वेषांतर करून येतात. मुंबई 'मंगमाय' होते, पुणे 'फूना'. ओळखलं नाही तर वाचणारा त्या अक्षरांचे अर्थ लावत बसतो. मुंबईच्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'खरेदी करणं' आहे, म्हणजे बघा.

मागे एका चिनी शिष्टमंडळाबरोबर मी सोलापूरला गेले होते. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांच्या घराला भेट होती. 1938 साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते डॉक्टर, 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले. पाहुण्यांनी एक लिहिलेला कागद आणला होता आणि तो तिथे जमलेल्या लोकांना वाचून दाखवायचा होता. तयारीला जेमतेम एक मिनिट मिळालं. मी नेहमीप्रमाणे आधी शेवट पाहिला, मग आकडे, मग नावं. कागदात 'कोटणीस' हे नाव कुठेच नव्हतं. सगळीकडे 'ख तीहुआ' होतं, आणि पुढे पुढे तर नुसतं 'ख तायफू', म्हणजे 'ख डॉक्टर'. त्यांना चीनमध्ये मिळालेलं नाव ते. त्यातलं 'ख' हे अक्षर खछ्याओ गावाच्या नावातलंच. शेवटचं 'हुआ' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ते आहे. नागपूरच्या डॉक्टर चोळकरांच्या नावात, अटलांच्या, बसूंच्या, मुखर्जींच्याही. आणि 'तायफू'मधलं पहिलं अक्षर 'ता' असंही वाचतात. तसं वाचलं तर अर्थ डॉक्टर राहत नाही, जुन्या काळचा दरबारी अधिकारी होतो.

मी समासात सहा ठिकाणी 'कोटणीस' लिहिलं आणि वाचायला सुरुवात केली.